कूलिंग पॅड घेण्याआधी खोलीचं तापमान मोजा: ३८ अंशांच्या खोलीत गेमिंग लॅपटॉपचं नेमकं काय होतं?

मे महिन्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. बातम्यांमध्ये अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या तापमानाचे आकडे आणि शॉपिंग ॲपवर कूलिंग पॅडच्या जाहिराती. ‘लॅपटॉप २० अंशांनी थंड’, ‘एफपीएस डबल’ असलं काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि खाली निळ्या लाइटवाले पाच पंखे फिरत असतात.

माझ्या अकोल्याच्या मावसभावाचा असाच एक मेसेज आला. “दादा, सात हजारांचं कूलिंग पॅड घेऊ का? नाहीतर लॅपटॉपच विकतो. गेम पहिली दहा मिनिटं मस्त चालतो, मग अडकत अडकत चालतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नॉर्मल आहे.”

लॅपटॉप दीड वर्षाचा. बाराव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स. पैसे त्याने सुट्टीत डेटा एंट्री करून जमवलेले. सात हजार त्याच्यासाठी छोटी रक्कम नाही, आणि चांगला लॅपटॉप खराब समजून अर्ध्या किमतीत विकणं त्याहून वाईट. तसंही मला मावशीकडे जायचं होतंच, म्हणून माझं पॅड बॅगेत टाकलं आणि म्हटलं, “थांब, आधी मोजू या.”

त्या दोन रात्रींत जे मोजलं आणि त्यातून जे कळलं, ते या लेखात सांगतोय. आकडे एकाच लॅपटॉपचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण त्यामागचं गणित तुमच्या लॅपटॉपलाही लागू पडतं.

आधी एक साधी गोष्ट: कूलिंग पॅड ‘थंड’ करत नाही

फोनच्या पाठीला चिकटवायचे छोटे कूलर तुम्ही पाहिले असतील. बीजीएमआय खेळणारे बरेच जण वापरतात. त्यातल्या अनेकांमध्ये एक थंड होणारी चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू खोलीच्या हवेपेक्षाही गार होते.

लॅपटॉपच्या कूलिंग पॅडमध्ये सहसा असं काही नसतं. असतात ते फक्त पंखे. ते खोलीतली हवा उचलतात आणि लॅपटॉपच्या तळाकडे ढकलतात. खोली ३८ अंशांवर असेल तर पॅड ३८ अंशांचीच हवा देणार. म्हणून पॅडमुळे लॅपटॉपच्या आतली चिप खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. तिच्या आणि खोलीच्या तापमानातलं अंतर तेवढं कमी होऊ शकतं.

हे ‘अंतर’ लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लॅपटॉपची चिप किती तापेल हे दोन गोष्टींच्या बेरजेने ठरतं: खोलीचं तापमान आणि चिपने खाल्लेल्या विजेमुळे झालेली वाढ. समजा एखादी चिप ९५ वॉट वीज खाताना खोलीपेक्षा ५६ अंशांनी जास्त तापते. मग २६ अंशांच्या खोलीत ती ८२ वर थांबेल. खोली ३८ वर गेली की त्याच हिशोबाने ती ९४ वर जायला हवी.

पण तशी ती जात नाही, कारण मध्ये कुंपण असतं. त्याच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपचं कुंपण ८७ अंशांवर होतं आणि प्रोसेसरचं १०० अंशांवर. चिप कुंपणाला टेकली की स्वतःच वीज कमी घेते, वेग कमी करते आणि तिथेच थांबते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही, चिपने स्वतःला वाचवायची केलेली सोय आहे. त्या अर्थाने सर्व्हिस सेंटरवाले चुकीचं बोलले नव्हते. फक्त ‘नॉर्मल’ म्हणताना त्यांच्या एसीमधली खोली आणि याच्या स्लॅबखालची खोली यातला फरक त्यांनी सांगितला नाही.

‘पहिली दहा मिनिटं’ फसवी का असतात?

लॅपटॉपच्या आत तांब्याच्या नळ्या आणि धातूच्या पातळ पट्ट्या असतात. गेम सुरू झाल्यावर सुरुवातीची उष्णता हा धातू आणि लॅपटॉपची बॉडी पिऊन घेते. थंड तव्यावर पहिली भाकरी भाजायला वेळ लागतो, तसंच काहीसं. सगळं तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यानंतर जो वेग टिकतो तोच तुमच्या लॅपटॉपचा खरा वेग.

म्हणून पाच मिनिटांचा टेस्ट व्हिडिओ पाहून पॅडबद्दल मत बनवू नका. शिवाय बरेचसे रिव्ह्यू एसी लावलेल्या खोलीत होतात. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘कामाचं तापमान’ म्हणून ३५ अंशांपर्यंतचाच आकडा दिलेला असतो. म्हणजे मे महिन्यात विदर्भातल्या वरच्या मजल्यावर बसून खेळणारा मुलगा कंपनीने कागदावर आखलेल्या हद्दीच्या बाहेर खेळत असतो. आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

बातम्यांतल्या आकड्यावरही जाऊ नका. हवामान खातं सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या तापमापकावर दुपारचं कमाल तापमान मोजतं. तुम्ही खेळता रात्री दहाला, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली. मावसभावाच्या खोलीत रात्री दहा वाजता माझ्या साध्या डिजिटल थर्मामीटरवर ३८ अंश होते, तेव्हा गच्चीवर बरंच गार वाटत होतं. दोन-अडीचशे रुपयांचा असा थर्मामीटर लॅपटॉपशेजारी ठेवा, पण त्याच्या गरम हवेच्या झोतात नको. कूलिंग पॅडच्या आधी करायची खरेदी ही.

आम्ही कसं मोजलं

गेम घेतला सायबरपंक २०७७, कारण त्यात स्वतःची बेंचमार्क टेस्ट आहे. ती दर वेळी तोच रस्ता, तीच गर्दी दाखवते आणि शेवटी सरासरी व सर्वांत कमी एफपीएस सांगते. पण ती टेस्ट फार छोटी आहे. म्हणून प्रत्येक वेळी आधी वीस मिनिटं गेम खेळलो, लॅपटॉप पूर्ण तापू दिला आणि मगच टेस्ट चालवली. चार्जर कायम लावलेला, मोड कायम ‘परफॉर्मन्स’, गेमची सेटिंग अजिबात बदलली नाही. एक टेस्ट झाली की लॅपटॉप बंद करून अर्धा तास थांबायचं, मग पुढची. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली तर मागच्या टेस्टची उष्णता पुढच्या टेस्टमध्ये येते.

आतले आकडे बघायला `HWiNFO64` हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर काही इन्स्टॉल न करताही काम होतं. पॉवरशेल उघडा आणि हे टाका:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,clocks.gr --format=csv -l 5
```

दर पाच सेकंदांनी ग्राफिक्स चिपचं तापमान, ती खात असलेले वॉट आणि वेग दिसत राहतो. थांबवायला `Ctrl+C`.

पहिली टेस्ट त्याच्या नेहमीच्या जागी घेतली, म्हणजे पलंगावर, गादीवर लॅपटॉप ठेवून. हे तो मेसेजमध्ये सांगायला विसरला होता! मग त्याच खोलीत टेबलावर. मग टेबलावरच मागची बाजू तीन सेंटिमीटर उचलून. मग त्याच्या मित्राकडचं बाराशे रुपयांचं, पाच पंख्यांचं यूएसबी पॅड. आणि शेवटी मी नेलेलं मोठ्या पंख्याचं, कडेने फोम असलेलं पॅड. दुसऱ्या रात्री खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एसी लावून, खोली २६ अंशांवर आणून, टेबलावर आणि फोमवाल्या पॅडवर पुन्हा टेस्ट केली.

| कुठे, कशावर | जीपीयू तापमान | जीपीयू वॉट | सरासरी एफपीएस | सर्वांत कमी |
|---|---|---|---|---|
| ३८°, गादीवर | ८७ | ६५ | ४९ | २७ |
| ३८°, टेबलावर | ८७ | ८३ | ५८ | ३८ |
| ३८°, मागून उचलून | ८७ | ८८ | ६० | ४३ |
| ३८°, यूएसबी पॅड | ८७ | ९० | ६१ | ४५ |
| ३८°, फोमवालं पॅड | ८० | ९५ | ६४ | ४९ |
| २६°, टेबलावर | ८२ | ९५ | ६४ | ५० |
| २६°, फोमवालं पॅड | ६८ | ९५ | ६४ | ५० |

तापमान तेच, मग फरक कुठे पडला?

टेबलच्या पहिल्या चार ओळी बघा. गादीवर ८७, टेबलावर ८७, उचलल्यावर ८७, यूएसबी पॅडवरही ८७. फक्त तापमान पाहणारा माणूस म्हणेल, “काहीच उपयोग झाला नाही.” मावसभाऊ पहिल्या रात्री हेच म्हणाला.

पण वॉटचा रकाना बघा. ६५ वरून ८३, मग ८८, मग ९०. चिप कुंपणाला टेकलेली असते तेव्हा थंडावा वाढला तरी तापमान उतरत नाही. चिप म्हणते, “बरं, थोडी जागा मिळाली, जास्त वीज घेते,” आणि जास्त काम करून पुन्हा त्याच ८७ ला टेकते. म्हणून तापलेल्या लॅपटॉपमध्ये स्टँडचा किंवा पॅडचा फायदा तापमानात नाही, वॉटमध्ये आणि एफपीएसमध्ये शोधायचा.

आता शेवटच्या दोन ओळी. एसीच्या खोलीत टेबलावर चिप ८२ वर होती, म्हणजे कुंपणाच्या आत. ती ९५ वॉट खात होती आणि कंपनीने या लॅपटॉपमध्ये तिला तेवढीच परवानगी दिलेली आहे. मग फोमवालं पॅड लावलं. तापमान तब्बल १४ अंशांनी खाली आलं आणि एफपीएस? तेवढेच. कारण इथे चिपला उष्णता अडवत नव्हतीच, विजेची मर्यादा अडवत होती. जाहिरातीत हा १४ चा आकडा मोठ्या अक्षरांत येईल आणि तो खोटाही नसेल. फक्त त्याने गेम एका फ्रेमनेही वेगात चालणार नाही.

तेच पॅड ३८ अंशांच्या खोलीत टेबलाच्या तुलनेत सहा फ्रेम देऊन गेलं, आणि सर्वांत कमी एफपीएस ३८ वरून ४९ वर आणले. गेम ‘अडकतो’ असं आपण म्हणतो ते या सर्वांत कमी आकड्यामुळेच. त्यात प्रोसेसरचाही वाटा होता. वरच्या खोलीत टेबलावर तो १०० च्या कुंपणाला टेकत होता, फोमवाल्या पॅडवर ९० वर आला.

म्हणजे ‘कूलिंग पॅड कामाचं आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमचा लॅपटॉप उष्णतेने अडला असेल तर आहे. विजेच्या मर्यादेने अडला असेल तर एफपीएससाठी नाही. फार तर हाताला बॉडी कमी गरम लागेल आणि आतले पंखे जरा हळू फिरतील, तेवढाच फायदा.

तुम्ही कुठे अडलात हे कसं ओळखायचं? वीस मिनिटं खेळल्यावर वॉटचा आकडा बघा. सुरुवातीला ९५ होता आणि नंतर तापमान एका जागी स्थिर राहून वॉट ८०-८५ वर घसरला, तर उष्णतेने अडलात. वॉट शेवटपर्यंत जिथल्या तिथे असेल, तर उष्णतेचा प्रश्न नाही. `HWiNFO64` मध्ये `Performance Limit - Thermal` आणि `Performance Limit - Power` अशा ओळीही दिसतात. ज्या ओळीपुढे `Yes` येतं, ते तुमचं कुंपण.

स्टँड: फुकटचा फायदा, पण एका अटीवर

बहुतेक गेमिंग लॅपटॉप तळातून हवा आत ओढतात आणि मागून किंवा बाजूने गरम हवा सोडतात. खालचे रबरी पाय तळाला टेबलापासून जेमतेम काही मिलिमीटर वर ठेवतात. एवढ्याशा फटीतून भरपूर हवा ओढायची म्हणजे बारीक स्ट्रॉने लस्सी पिण्यासारखं आहे. फट मोठी केली की पंखा तोच, पण हवा जास्त.

गादीवर ही फट पूर्ण बंद होते. आमच्या टेस्टमध्ये सगळ्यात मोठी उडी गादीवरून टेबलावर आल्यावर मिळाली: ४९ वरून ५८. एक रुपया न घालवता नऊ फ्रेम. उशीवर किंवा मांडीवर पांघरूण घेऊन खेळणाऱ्यांनी आधी तेवढंच करून बघावं.

मागची बाजू उचलायला आम्ही दोन जाड पुस्तकं वापरली, दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक, मध्ये मोकळं. बाटलीची झाकणंही चालतात, फक्त लॅपटॉप घसरणार नाही हे बघा. विकतचं स्टँड घ्यायचं असेल तर ज्याची पाटी मधून उघडी आहे तेच घ्या. काही देखण्या स्टँडवर सलग धातूची पाटी असते आणि ती लॅपटॉपच्या जाळीखालीच येते. मग स्टँड घेऊनही फट बंदच.

दुसरी चूक मागच्या भिंतीची. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा तळाशी येते आणि लॅपटॉप स्वतःचीच गरम हवा पितो. भिंतीपासून वीतभर तरी अंतर ठेवा.

दोन प्रकारची पॅड, दोन वेगळी कामं

यूएसबीवर चालणाऱ्या पॅडकडून फार अपेक्षा ठेवू नका. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून नियमाप्रमाणे अडीच वॉट मिळतात. तेवढ्यात पाच पंखे आणि लाइट चालवायचे, म्हणजे प्रत्येक पंख्याच्या वाट्याला अर्धा वॉटही नाही. शिवाय हे पंखे उघड्यावर फिरतात. त्यांची हवा तळाच्या बंद भागावर आपटून बाजूने निघून जाते. आमच्या टेस्टमध्ये त्या पॅडने नुसत्या उचलण्यापेक्षा एकच फ्रेम जास्त दिली. तीही पंख्यामुळे की पॅडच्या उतारामुळे, हे सांगणं कठीण आहे.

घ्यायचंच असेल तर आधी लॅपटॉप उलटा करून जाळी कुठे आहे ते बघा आणि पॅडचे पंखे त्याच जागी येतात का ते ताडून पाहा. लॅपटॉप चालू असताना टिश्यू पेपरचा तुकडा जाळीजवळ धरा. तो ओढला गेला तर हवा आत जाण्याची जागा ती. काही लॅपटॉप कीबोर्डमधूनही हवा घेतात, तिथे खालच्या पॅडचा फायदा आणखी कमी होतो.

फोमवाल्या पॅडचं तंत्र वेगळं. त्याच्या कडेने फोमची चौकट असते, लॅपटॉप तिच्यावर दाबून बसतो. आत एक मोठा जोरदार पंखा हवा कोंबतो. बाहेर पडायला जागाच नसल्यामुळे हवेला लॅपटॉपच्या जाळीतून आत जावंच लागतं. म्हणून ते खरंच काम करतं. पण त्याची किंमतही समजून घ्या. त्याला वेगळा ॲडाप्टर लागतो. पूर्ण वेगात आवाज इतका असतो की हेडफोनशिवाय खेळता येत नाही आणि रात्री घरातले ओरडतात. मावशी दोनदा वर येऊन गेली! हवा जोरात आत जाते तशी धूळही जाते, म्हणून जाळीचा फिल्टर असलेलंच घ्यायचं आणि उन्हाळ्यात तो दर आठवड्याला झटकायचा. फिल्टर भरला की पॅड फक्त आवाज करतं.

फोमची चौकट लॅपटॉपच्या हवा बाहेर सोडणाऱ्या जागेवर येत नाही ना, हेही तपासा. तशी आली तर गरम हवा आतच कोंडते आणि पॅड लावून लॅपटॉप उलट जास्त तापतो.

आपल्याला गार वाटतं, लॅपटॉपला नाही

मावसभावाचा एक प्रश्न मला फार आवडला: “पण दादा, मी तर फुल स्पीडवर सीलिंग फॅन लावतो.”

पंख्याखाली आपल्याला गार वाटतं कारण आपला घाम सुकतो. खोलीची हवा मात्र ३८ ची ३८ च राहते. लॅपटॉपला घाम येत नाही. सीलिंग फॅनमुळे त्याच्याभोवती साचलेली गरम हवा थोडी हलते, तेवढाच फायदा.

याच कारणाने लॅपटॉपला दमटपणाचा त्रास आपल्यासारखा होत नाही. मुंबईत किंवा पणजीत मे महिन्यात ३३ अंश आणि चिकचिक असते, माणूस हैराण होतो. पण लॅपटॉपच्या दृष्टीने ती खोली अकोल्याच्या ३८ अंशांच्या कोरड्या खोलीपेक्षा पाच अंशांनी गार आहे. मोबाइलवरच्या ‘फील्स लाइक’ आकड्याचा लॅपटॉपशी संबंध नाही, खऱ्या तापमानाचा आहे.

डेझर्ट कूलरचं मात्र उलट. तो पाण्याची वाफ करून हवा खरंच थंड करतो आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत खोली अनेक अंशांनी खाली आणतो. याचा लॅपटॉपला थेट फायदा होतो. कोकणात हवा आधीच ओली, तिथे त्याच कूलरचा उपयोग नगण्य. लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, उडणारे पाण्याचे तुषार नकोत. आणि खिडकी उघडी हवी. नाहीतर खोली ओली होते आणि कूलर काम करणं बंद करतो.

खिडकीचं आणखी एक कारण आहे. गेम खेळताना लॅपटॉप दीडशे वॉटच्या आसपास वीज खातो आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते. छोट्या बंद खोलीत दोन तास खेळलात तर खोलीच तापते, आणि वरच्या बेरजेप्रमाणे चिपही.

शेवटी मावसभावाने काय केलं?

पॅड घेतलं नाही. लॅपटॉपही विकला नाही.

आम्ही आणखी एक टेस्ट केली होती. वरच्याच खोलीत, मागून उचलून, गेममध्ये सावल्यांची आणि गर्दीची सेटिंग एक पायरी खाली आणली आणि एफपीएसला ६० ची मर्यादा घातली. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये `Max Frame Rate` म्हणून ती मिळते. मर्यादा घातल्यावर चिपला ६० पेक्षा जास्त फ्रेम बनवायच्याच नव्हत्या, म्हणून ती ७० वॉटच्या आसपासच खात राहिली. तापमान ८० च्या घरात, कुंपणाच्या आत. गेम तासभर एकसारखा चालला, अडकणं बंद. फोमवाल्या पॅडने जे आवाज करून दिलं, त्यातलं बरंचसं इथे फुकटात आणि शांततेत मिळालं.

याची मर्यादाही सांगतो. हे जमलं कारण त्याला ६० फ्रेम पुरतात. ज्यांना १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर व्हॅलोरंटसारखा गेम स्पर्धेसाठी खेळायचाय आणि खोली गार करण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी फोमवालं पॅड ही समजण्यासारखी खरेदी आहे. बाकीच्यांनी आधी गादी सोडावी, मागची बाजू उचलावी, भिंतीपासून सरकावं, मर्यादा घालावी आणि मग पुन्हा वॉट बघावेत. तरीही घसरत असतील तरच पैसे काढावेत.

जाताना त्याला वहीत एक आकडा लिहून दिला: ५६. एसीच्या खोलीत, टेबलावर, ९५ वॉट खाताना चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच मोडवर, तेवढ्याच वॉटला पुन्हा मोजायचं. ५६ च्या आसपास असेल तर लॅपटॉप ठणठणीत आहे, दोष फक्त उन्हाळ्याचा. तो ६५ वर गेला असेल तर आत धूळ साचली आहे किंवा चिपवरची पेस्ट वाळली आहे. तेव्हा उपाय पॅड नाही, आतून सफाई. तशा लॅपटॉपखाली पॅड लावलं तर खरं दुखणं वर्षभर झाकलं जातं, इतकंच.

तुमचा आकडा किती येतो? आज रात्री खेळायला बसाल तेव्हा मोजा. आणि हो, आधी गादीवरून उठा.